फळ्यावरची ओळ

दर शनिवारी सकाळी साडेआठला डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये आमची मीटिंग असते. सांगली, मिरज आणि तासगाव भागातल्या किराणा दुकानांना बिस्किटं, साबण, टूथपेस्ट असा रोजच्या खपाचा माल पुरवणारी सेल्समनची टीम माझ्याकडे आहे. मीटिंग सुरू होताना फळ्यावर एक ओळ लिहायची पद्धत आहे आणि ते काम माझं. ती ओळ आठवडाभर मुलांच्या कानात राहते, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आणि कुठल्या तरी काउंटरवर दुकानदारासमोर त्यांच्या तोंडूनही निघते. म्हणून खडू हातात घेण्याआधी मी माझ्या मनाला जाब विचारतो. या ओळीतून मी काय मागतोय? ते देणं समोरच्याच्या हातात आहे का? आणि हे मी त्याच्यासाठी लिहितोय की माझ्या जिवाला लागलेल्या घोरासाठी?

हे प्रश्न मला टाळता येत नाहीत, कारण आमच्यातलं नातं सरळ नाही. या मुलांचा पगार डिस्ट्रिब्युटर शेट देतात. टार्गेट कंपनी ठरवते. ते टार्गेट मुलांपर्यंत पोचतं माझ्या तोंडून. कोणाला कुठली बीट मिळणार, कोणाचा इन्सेंटिव्ह कधी निघणार, यात माझ्या शब्दाला वजन आहे. पगार देण्याची जबाबदारी माझ्यावर नाही आणि धाक मात्र माझा आहे. असा माणूस जेव्हा म्हण वापरतो तेव्हा ती साधी म्हण राहत नाही. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ हे आजोबांनी नातवाला सांगितलं तर तो आशीर्वाद असतो. तेच मी महिन्याच्या सव्वीस तारखेला, ज्याचा आकडा मागे आहे त्याच्याकडे बघून म्हटलं, तर त्याला ऐकू येतं की तू प्रयत्न केला नाहीस. लेकी बोले सुने लागे ही आपल्याकडची जुनी रीत. घरात ती कदाचित चालून जाते, पण जिथे एकाच्या हातात दुसऱ्याची रोजीरोटी आहे तिथे ती वापरणं मला पटत नाही. एखाद्याशी बोलायचं असेल तर त्याला बाजूला घेऊन, चहा देऊन, नाव घेऊन बोलावं. सगळ्यांसमोरची ओळ सगळ्यांना सारखी लागू व्हायला हवी.

आमच्या धंद्यात तयार ओळींचा तुटवडा नाही. ‘आज नाही तर कधीच नाही.’ ‘हा आठवडा करो या मरो.’ ‘जिंकणारे कारणं देत नाहीत.’ या ओळी कुठून जन्माला येतात ते मला आतून माहीत आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वरून फोन येतो, क्लोजिंग किती होणार असं विचारलं जातं, आणि फोन ठेवल्यावर छातीत जी धडधड राहते ती खडूतून फळ्यावर उतरायला बघते. निकड खरी असते, पण ती माझी असते. दुकानदाराची नसते, त्याच्या गिऱ्हाइकाची तर नसतेच. तासगावच्या एखाद्या गल्लीतल्या बाईंना एकतीस तारखेआधी साबण संपवायचा नसतो. आणि प्रत्येक आठवडा शेवटचाच म्हणून सांगितला तर रोज मरे त्याला कोण रडे. मुलं मान हलवतात, फळ्यावरची ओळ मोबाइलमध्ये टिपतात आणि मनातून तिची किंमत वजा करून बाहेर पडतात. मग ज्या दिवशी खरोखरच घाई असते त्या दिवशी माझ्याकडे शब्दच उरत नाही.

खोट्या घाईला आता आपल्या कायद्यातही नाव मिळालं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध, म्हणजे ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत आणि पहिलाच आहे खोटी निकड. माल भरपूर असताना ‘फक्त दोनच शिल्लक’ म्हणणं, किंवा संधी आत्ताच संपतेय असं खोटं भासवून घ्यायला लावणं. हे वाचल्यावर मी विचार केला की आमचा दुकानदार यात कुठे बसतो? तो माल पुन्हा विकण्यासाठी घेतो, म्हणून कायद्याच्या व्याख्येत तो ग्राहक नाही. आणि मीटिंगमधला सेल्समन तर कोणत्याच व्याख्येत नाही. म्हणजे त्या दोघांशी मी खोटी घाई केली तर या तत्त्वांत मला अडवणारं काही नाही. जे काही अडवायचं ते मलाच अडवायला हवं.

खोट्या घाईनं नेमकं काय होतं ते एका साध्या हिशेबात दिसतं. समजा एक दुकान आठवड्याला एका बिस्किटाचे तीन बॉक्स विकतं. सेल्समन आठवड्यातून एकदा येतो, तीन बॉक्स लिहून घेतो, महिन्याला बारा होतात. शेवटच्या आठवड्यात मीटिंगमध्ये ‘करो या मरो’ झालं, मुलगा काउंटरवर गेला आणि म्हणाला, “काका, स्कीमचा आज शेवटचा दिवस, उद्यापासून भाव वाढणार.” काकांनी तीनाऐवजी बारा घेतले. आमच्या ॲपवर त्या दिवशी हिरवा आकडा झळकला. पुढच्या महिन्याचे पहिले तीन आठवडे त्या दुकानातून या बिस्किटाची एकही ऑर्डर येत नाही, कारण बाहेर खप तेवढाच आहे, तीन बॉक्सचा. दोन महिन्यांची बेरीज केली तर विक्री एका पुड्यानंही वाढलेली नाही, ती फक्त इकडची तिकडे सरकली.

पण नुकसान इथे थांबत नाही. काकांचे बारा बॉक्सचे पैसे एका मालात अडकले, त्यामुळे नवीन टूथपेस्ट आणली तेव्हा त्यांनी हात वर केले. उधारीवर दिलेलं बिल लांबलं, आणि जुनं बिल बाकी असताना नवं बिल काढायला शेट तयार होईनात. मागच्या रांगेतले दोन बॉक्स तारखेच्या जवळ गेले, त्यांचा क्लेम आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन तारखेला काकांना कळलं की भाव वाढलेलाच नाही आणि स्कीमही चालू आहे. त्यानंतर मुलगा जे काही सांगेल ते ते अर्ध्या कानानं ऐकणार. त्या मुलाला दर आठवड्याला त्याच काउंटरवर उभं राहायचं आहे. माझ्या एका ओळीसाठी त्यानं त्याची पत खर्च केली, आणि ती पत मी त्याला कुठल्याही इन्सेंटिव्हमधून भरून देऊ शकत नाही.

बिलांची यादी बघून हे ओळखता येतं. ज्या टीमवर शब्दांचा दाब आहे तिथे महिन्याची बिलं शेवटच्या चार दिवसांत गोळा होतात आणि पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा ओसाड जातो. परतीचा माल वाढतो. ऑर्डर एकाच जागी उभं राहून, पाच मिनिटांत दहा दुकानांची भरलेली दिसते. हे दिसलं की मुलं कामचुकार आहेत असा निष्कर्ष काढणं सोपं असतं. मी आधी मागच्या चार शनिवारच्या ओळी काढून वाचतो.

अमेरिकेत एका घोषवाक्याची गोष्ट याहून फार मोठ्या प्रमाणावर घडली. वेल्स फार्गो या बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ खाती किंवा योजना विकायच्या असं ध्येय होतं आणि घोषवाक्य होतं ‘एट इज ग्रेट’. आठच का, याचं कारण त्या वेळचे प्रमुख जॉन स्टम्फ यांनी बँकेच्या २०१० सालच्या अहवालात दिलं होतं, की तो आकडा ‘ग्रेट’शी यमक जुळवतो. ग्राहकाची गरज किती, कर्मचाऱ्याची ताकद किती, याचा त्यात संबंध नव्हता. वर दर जानेवारीत वाढीव लक्ष्याची खास मोहीम असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जे बाहेर आलं ते असं, की ग्राहकांना न विचारता उघडलेली खाती आणि कार्डं वीस लाखांच्या घरात असू शकतात. बँकेला एकूण १८.५ कोटी डॉलर भरावे लागले. सुमारे ५३०० कर्मचारी आधीच काढून टाकले होते, आणि त्यात खालच्या पगारावरची, काउंटरवर बसणारी माणसं पुष्कळ होती. पुढच्याच महिन्यात स्टम्फ यांनी पद सोडलं आणि बँकेनं शाखांतली विक्रीची लक्ष्यं बंद केली.

ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते ती त्या यमकामुळे. मलाही ओळ जुळली की आवडते. कानाला गोड लागणारी ओळ पटकन खरी वाटू लागते. म्हणून आता माझी पहिली कसोटी अशी आहे, की ओळीतला ताल काढून घेतला, साध्या गद्यात सांगितली, तरी ती मला मुलांच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगता येईल का? दुसरी कसोटी, हीच ओळ सेल्समननं दुकानदाराला जशीच्या तशी वाचून दाखवली तर मला मान खाली घालावी लागेल का? ‘करो या मरो’ ही ओळ काकांना वाचून दाखवता येत नाही. ‘खपेल तेवढंच लिही’ ही येते.

डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचं नाव कारखान्यांतल्या गुणवत्तेच्या संदर्भात घेतलं जातं. १९५० साली त्यांनी जपानमध्ये दिलेली व्याख्यानं प्रसिद्ध आहेत. व्यवस्थापनासाठी त्यांनी चौदा सूत्रं मांडली, त्यातलं दहावं कामगारांसाठीची घोषवाक्यं आणि उपदेश काढून टाका असं सांगतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बहुतेक अडचणी व्यवस्थेत असतात, त्या कामगाराच्या हातात नसतात, आणि जे त्याच्या हातात नाही त्याचा उपदेश केला की कटुता तेवढी वाढते. मी फळा पुसून टाकला नाही, कारण आठवडाभर एकटं उन्हात फिरणाऱ्या मुलाला एखादा धरून ठेवायला शब्द लागतो हे मी पाहिलं आहे. पण डेमिंग यांचा आक्षेप मी ओळ निवडताना समोर ठेवतो. ही अडचण त्याच्या हातातली आहे का? नसेल तर ती ओळ फळ्यावर न जाता माझ्या वहीत जायला हवी.

यातूनच मला सर्वांत उपयोगी ठरलेली ओळ मिळाली: ‘नकोसुद्धा लिहून आण.’

ज्या दुकानात ऑर्डर मिळाली नाही तिथे ॲपमध्ये एक बटण दाबायचं असतं, ‘नो ऑर्डर’. त्यातून काहीच कळत नाही. या ओळीनं मी मुलांना इतकंच मागितलं की दुकानदारानं नको म्हटलं तर का म्हटलं ते चार शब्दांत वहीत उतरवा. माल आहे. पैसे नाहीत. मालक नव्हते. दुसऱ्या कंपनीचा घेतला. यात दबाव शिरत नाही, कारण नकार आणणं हेही आणलेलं काम ठरतं. रिकाम्या हातानं परत आलेला मुलगा रिकामा नसतो.

मिरजेच्या एका बीटची अशी वही आम्ही शनिवारी टेबलावर उघडली. चाळीस दुकानांची बीट, त्या दिवशी वीस बिलं, वीस नकार. नकारांत अकरा ठिकाणी थोड्याफार फरकानं एकच वाक्य होतं, ‘जुना एक्स्पायरी माल बदलून द्या, मग बोला.’ एका पानावर मुलानं दुकानदाराचे शब्द तसेच लिहिले होते: “पोतं भरून ठेवलंय, घेऊन जा म्हणावं साहेबाला.” एक्स्पायरीचा क्लेम मंजूर करून आणणं हे सेल्समनच्या हातात अजिबात नाही. तो डिस्ट्रिब्युटर भरतो, मी तपासतो, डेपोतून मंजुरी येते, मग क्रेडिट नोट निघते. ही साखळी माझ्या टेबलावर अडली होती की डेपोत, हे बघणं माझं काम. त्या मुलाला मी कितीही जोरकस ओळ दिली असती तरी ती अकरा दुकानं उघडली नसती. उलट त्या पोत्यासमोर उभं राहून तो आणखी खचला असता.

तेव्हापासून त्या ओळीला माझ्या बाजूचं एक बंधन जोडलं आहे. नकाराची जी कारणं माझ्या हातातली आहेत ती मी पुढच्या शनिवारी आधी वाचून दाखवतो: काय झालं, काय नाही, कधी होईल. हे केलं नाही तर वही भरणं दोन आठवड्यांत थांबतं, किंवा सगळ्या पानांवर एकच कारण यायला लागतं, ‘माल आहे’. सगळी कारणं सारखी दिसू लागली की समजावं, मुलांचा या ओळीवरचा विश्वास उडाला आहे आणि ती आता फक्त मला बरं वाटावं म्हणून पाळली जातेय.

दुसरी एक ओळ मला मनापासून आवडते, ‘आधी कपाट, मग वही’. ‘आधी शिदोरी मग जेजुरी’च्या चालीवर ती बसते, म्हणून मुलांच्या तोंडी लगेच रुळली. तिच्यात करायची गोष्ट अगदी ठरलेली आहे. दुकानात शिरल्यावर ऑर्डरची वही किंवा मोबाइल काढायचा नाही. आधी फळीवर काय आहे ते बघायचं, पुढचा माल मागे आणि मागचा जुना माल पुढे सरकवायचा, तारीख बघायची, काय संपलंय ते डोळ्यांनी मोजायचं. मग म्हणायचं, “काका, लहान पुडा संपलाय, मोठे पाच आहेत. लहानाचे दोन लिहू का?” या एका वाक्यात दुकानदाराला कळतं की हा आपलं दुकान बघून बोलतोय. घाई करावीच लागत नाही. आणि गर्दीच्या वेळी, संध्याकाळी दूध-पाव घेणाऱ्यांच्या रांगेत, कपाटाला हात न लावता नमस्कार करून पुढच्या दुकानात जाणं हेही याच ओळीत बसतं. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर मुलं माझ्या ओळीपायी दुकानदाराचा ओरडा खातील.

‘बीट पूर्ण, दिवस पूर्ण’ या ओळीबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे झुकतं. तिचा चांगला अर्थ असा की चाळीस दुकानांना भेट दिली की आजचं तुझं काम झालं, बिल किती निघालं याचं ओझं घरी नेऊ नकोस. मेहनत मोजायची ती पायांनी, दुसऱ्याच्या होकारानं नाही. पण हीच ओळ एप्रिलच्या उन्हात, ताप अंगावर काढून फिरणाऱ्या मुलाला वेगळी ऐकू येते. बीट अपुरी राहिली तर दिवसही अपुरा ठरला, असा तिचा उलटा अर्थ निघतो आणि तो मी नाकारू शकत नाही. म्हणून ती लिहिली त्या आठवड्यात मी तोंडानं जोडून सांगतो की तब्येत बिघडली, घरी अडचण आली, तर फोन करायचा आणि घरी जायचं, त्याचं कारण विचारलं जाणार नाही. एवढं सांगायची आणि पाळायची तयारी नसेल तर ती ओळ लिहायचा मला अधिकार नाही.

आता आकड्यांकडे वळतो, कारण टार्गेट आहे ते आहे. ते लपवून गोड बोलणं हाही खोटेपणाच आहे. समजा एका मुलाचं महिन्याचं टार्गेट पाच लाख, कामाचे दिवस पंचवीस. म्हणजे दिवसाला वीस हजार. पंधरा दिवसांनंतर त्याचे झालेत दोन लाख चाळीस हजार, म्हणजे दिवसाला सोळा. रोज वीस बिलं, सरासरी आठशे रुपयांची. उरलेल्या दहा दिवसांत दोन लाख साठ हजार हवेत. ॲप त्याला लाल अक्षरांत सांगतं, रोज सव्वीस हजार. आठशेच्या बिलानं ते गाठायचं तर वीसऐवजी रोज बत्तीस-तेहतीस दुकानांनी माल घ्यायला हवा. चाळीस दुकानांच्या बीटवर दहा दिवसांत हे होत नाही. पी हळद अन् हो गोरी असं कोणाला सांगता येत नाही. इथे ‘सव्वीस हजार झालेच पाहिजेत’ हे वाक्य त्याला दोनच रस्ते दाखवतं: एकतर काकांच्या माथी बारा बॉक्स मारायचे, नाहीतर आपण नालायक आहोत असं मानून घ्यायचं.

मग खरी मेहनत किती वाढू शकते? ‘नको’च्या वहीतून रोजच्या बीटवर अशी दोन दुकानं निघतात जिथली अडचण सुटली आहे. तिथे रोज दोन बिलं वाढली तर बावीस झाली. प्रत्येक बिलात आधी नसलेली एक वस्तू, शंभर रुपयांची, कपाट बघून जोडली तर बिल नऊशेचं झालं. बावीस गुणिले नऊशे, एकोणीस हजार आठशे. दहा दिवसांत एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. महिना बंद होईल चार लाख अडतीस हजारांवर. टार्गेटपेक्षा बासष्ट हजार कमी, आणि आहे तसं चालू राहिलं असतं त्यापेक्षा अडतीस हजार जास्त.

या हिशेबातून त्या आठवड्याची ओळ तयार होते: ‘दोन दुकानं जास्त, एक वस्तू जास्त.’ थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण मी इथे जोडतो, आणि ती इथे शोभते, कारण थेंब किती आणि तळं केवढं हे दोन्ही आम्ही फळ्यावर मांडलेलं असतं. मागणं लहान आहे, त्याच्या हातातलं आहे, आणि ते पुरं केल्यावर काय मिळेल हे मी वाढवून सांगितलेलं नाही. पाच लाख होणार नाहीत हेही मी त्याच बैठकीत बोलतो. हे बोलल्यानं मुलं ढिली पडतात अशी भीती घातली जाते. मला दिसलं ते इतकंच, की अशक्य आकडा समोरून हलला की माणूस शक्य असलेल्या कामाकडे बघू लागतो. काहीजण तरीही ढिले पडतात. त्यांच्याशी वेगळं, एकट्यात बोलावं लागतं. फळ्यावरच्या ओळीनं तेही साधेल असा माझा दावा नाही.

खरी घाई असतेच. गणपतीच्या आधी मोदकाचं सामान दुकानात पोचलं नाही तर चतुर्थीनंतर त्याला कोणी विचारत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताना डब्यात जाणारे लहान पुडे हवेत. एखादी स्कीम खरंच पंधरा तारखेला बंद होते, त्याचं पत्र माझ्याकडे असतं. अशा वेळी मी ओळीत तारीख लिहितो आणि खाली कारण लिहितो. विशेषण लिहीत नाही. ‘स्कीम १५ तारखेला बंद, पत्र आलं आहे.’ पत्र टेबलावर ठेवतो, ज्याला फोटो काढायचा त्यानं काढावा आणि दुकानदाराला दाखवावा. पुढे कंपनीनं तीच स्कीम महिनाअखेरपर्यंत वाढवली, तर मुलांना मीच आधी कळवायचं आणि ज्यांनी पंधराच्या आत जास्त माल उचलला त्या दुकानांत काय सांगायचं तेही सांगायचं. हे होतं, आणि फार अवघड जातं. कंपनीला वाढीव पंधरवडा फायद्याचा वाटतो. काउंटरवरच्या मुलाला तो खोटा ठरवून जातो.

एका आठवड्याच्या आकड्यावर माणूस तोलू नये, हेही मी स्वतःला बजावत राहतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातलं पाणी आणि आच सगळ्या शितांना सारखी असते. बीट तशा नसतात. एका बीटवर मार्केट यार्ड आहे, दुसरीवर द्राक्षाचे पैसे आल्याशिवाय कोणाची उधारी फिटत नाही. त्या दोन मुलांची नावं एका तक्त्यात वर-खाली लिहून वर ‘बघा, त्याला जमतं मग तुम्हाला का नाही’ अशी ओळ देणं अन्यायाचं आहे. तुलना करायचीच तर त्या मुलाची त्याच्याच मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, आणि तीही त्याच्या हातात कागद देऊन.

एक गाठ मात्र माझ्यानं सुटलेली नाही. इन्सेंटिव्हचा स्लॅब वरून येतो. शंभर टक्के झाले तर पैसे, पंच्याण्णवला काही नाही. फळ्यावर मी ‘खपेल तेवढंच लिही’ लिहितो आणि तीस तारखेला मुलगा अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर उभा असतो. त्याच्या घरी मुलीची फी भरायची आहे. दोन टक्क्यांसाठी त्यानं ओळखीच्या होलसेलवाल्याकडे माल ठेवला तर मी त्याला कोणत्या तोंडानं बोलू? ओळ माझी आहे, स्लॅब कंपनीचा आहे, आणि त्याला मिळणारा पैसा स्लॅबवर चालतो. टप्प्याटप्प्यानं मिळणारा इन्सेंटिव्ह हवा, ऐंशीपासून पुढे प्रत्येक टक्क्याला थोडा, असं मी वर लिहून दिलं आहे. ते बदलेपर्यंत ‘खपेल तेवढंच लिही’ ही ओळ मी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात लिहितो, जेव्हा ती पाळायला त्याला पदरमोड करावी लागत नाही. ही तडजोड आहे आणि मला ती डाचते. पण ज्याची किंमत मी देत नाही तो प्रामाणिकपणा दुसऱ्याकडून मागणं मला त्याहून जास्त डाचतं.

शेवटचा प्रश्न मीटिंग संपल्यावर येतो, मुलं बॅगा उचलून गाड्या काढतात तेव्हा. वरून फोन येतो. पाच लाख टार्गेटवाल्या त्या मुलाचं क्लोजिंग किती? समोर हिशेब आहे, चार अडतीस. ‘करतो सर, पाच करून देतो’ हे दोन सेकंदांत म्हणून होतं आणि त्या क्षणी सगळ्यांना बरं वाटतं. पण मी पाच म्हटलं की मधले बासष्ट हजार कुठून तरी आणावे लागतील, आणि पुढच्या शनिवारी ते आणायला लावणारी ओळ मलाच लिहावी लागेल. म्हणून मी चार अडतीस सांगतो. कारण विचारलं तर अकरा दुकानांच्या एक्स्पायरीचा क्लेम अजून डेपोत आहे हे सांगतो, त्याचा नंबर वाचून दाखवतो, आणि तो कधी सुटेल ते विचारतो. पलीकडून आवाज चढतो. कधी बराच चढतो. मी आकडा बदलत नाही, क्लेमची तारीख लिहून घेतो आणि मिरजेच्या बीटवाल्या मुलाला फोन लावतो, की सोमवारी त्या दुकानांत जाशील तेव्हा एवढं नक्की सांग.